स्टेटमेंटच्या बेरजेत ४ लाख १२ हजार, बँकेच्या हिशेबात ३ लाख १८ हजार: वार्षिक फी माफीचं एक प्रकरण

पुण्यातलं एक जोडपं, दोघंही नोकरदार. आयकर विवरणपत्राच्या कामासाठी ते दरवर्षी माझ्याकडे येतात. २०२४ च्या जूनअखेरीस कागद द्यायला आले तेव्हा बोलता बोलता क्रेडिट कार्डाचा विषय निघाला. कार्ड ताईंच्या नावावर आहे आणि त्यांच्या यजमानांकडे त्याच खात्याचं ॲड-ऑन कार्ड आहे. वार्षिक फी २,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,९५०. अट अशी की वर्षभरात ४ लाखांचा खर्च झाला तर पुढच्या वर्षाची फी माफ. आदल्या वर्षी ती अट हुकली होती आणि फी भरावी लागली होती. यंदा मात्र ताई निश्चिंत होत्या. दहा महिन्यांच्या स्टेटमेंटांची बेरीज त्यांनी केली होती आणि ती ४,१२,६४० भरली होती. "झाले आमचे चार लाख, म्हणून आता किराणा नि पेट्रोल दुसऱ्या कॅशबॅकच्या कार्डावर टाकतो," असं त्या म्हणाल्या.

मी त्यांना स्टेटमेंटच्या पीडीएफ पाठवायला सांगितल्या. चार लाखांची अट पूर्ण झाली आहे की नाही, हे स्टेटमेंटच्या बेरजेवरून कळत नाही. बँक जी रक्कम मोजते ती वेगळी असते. ती आपल्याला ठळकपणे कुठे दिसत नाही आणि दिसते तेव्हा बहुतेकदा फी लागून गेलेली असते. या कुटुंबाच्या बाबतीत दोन आकड्यांमधलं अंतर जवळजवळ एक लाखाचं निघालं. ते कसं निघालं आणि उरलेल्या सात आठवड्यांत काय केलं, ते इथे तपशिलात लिहितो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला प्रश्न वर्ष कुठून कुठपर्यंत, हा. बहुतेक लोक मनात एप्रिल ते मार्च धरतात, काही जण जानेवारी ते डिसेंबर. बहुतेक कार्डांचं वर्ष यातलं कुठलंच नसतं. ते कार्ड खातं ज्या तारखेला उघडलं त्या तारखेपासून सुरू होतं. ही तारीख कार्डावर छापलेल्या महिन्यावरून ठरवू नये, कारण कार्ड हरवून किंवा मुदत संपून नवं आलं की तो महिना बदलतो आणि खात्याचं वर्ष तेच राहतं. खात्रीचा मार्ग म्हणजे मागच्या वर्षी फी कधी लागली ते शोधायचं आणि मग बँकेकडून तारीख लेखी मागायची. ताईंच्या सप्टेंबर २०२३ च्या स्टेटमेंटमध्ये फीची नोंद २३ ऑगस्टची होती. बँकेला विचारल्यावर कळलं की खातं २१ ऑगस्टचं आहे. म्हणजे मोजायचं वर्ष २१ ऑगस्ट २०२३ ते २० ऑगस्ट २०२४.

पण त्यांचं स्टेटमेंट दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं. त्यामुळे सप्टेंबर २०२३ चं स्टेटमेंट १६ ऑगस्टपासूनचं होतं आणि त्यातले पहिले पाच दिवस आदल्या कार्डवर्षात मोडत होते. नेमकं त्याच पाच दिवसांत, १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या सेलमध्ये त्यांनी १८,७४० रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं होतं. ती रक्कम बेरजेतून गेली. वर्षाच्या दोन्ही टोकांची स्टेटमेंटं अशी तारखेवर तोडावीच लागतात. कार्डवर्ष आणि स्टेटमेंटची तारीख एकच असेल तरच यातून सुटका, आणि तसं क्वचित असतं. काही बँका दिवसाऐवजी महिना किंवा स्टेटमेंटचं चक्रच धरतात. म्हणून नुसती सुरुवातीची तारीख विचारू नये, शेवटचा कोणता दिवस धरला जाणार तेही विचारावं.

दुसरा प्रश्न, कोणता खर्च धरला जातो. इथे लोकांची सर्वांत मोठी गफलत होते ती दोन याद्या एकच समजण्याची. कोणत्या खर्चावर रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत याची यादी एक, आणि कोणता खर्च फी माफीसाठी धरला जात नाही याची दुसरी. या कार्डावर पेट्रोलला पॉइंट मिळत नाहीत, पण फी माफीच्या चार लाखांत पेट्रोल धरतात. यजमानांना वाटत होतं की पॉइंट नाहीत म्हणजे तो खर्च फुकट गेला. तसं नव्हतं. उलट घरभाडं आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे दोन्ही याद्यांमध्ये होते. गेल्या काही वर्षांत बऱ्याच बँकांनी हे दोन प्रकार वगळले आहेत. रोख काढलेले पैसे, व्याज, दंड, फी आणि त्यावरचा जीएसटी हे तर सहसा कुठेच धरत नाहीत. विमा, शाळेची फी, सरकारी भरणा आणि ईएमआयवर घेतलेल्या वस्तू यांबद्दल मात्र कार्डागणिक नियम वेगळा असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या कार्डाचा अनुभव आपल्या कामाचा नाही.

"आम्ही तर स्वतःच्या घरात राहतो, भाडं कुठून आलं?" असं ताईंनी विचारलं. भाडं आलं होतं सोसायटीच्या मेंटेनन्समधून. दर तिमाहीला १०,५०० रुपये त्या सोसायटीच्या ॲपमधून कार्डाने भरत. प्रत्येक दुकानाला, संस्थेला किंवा ॲपला कार्डाच्या जाळ्यात चार अंकी मर्चंट कॅटेगरी कोड दिलेला असतो आणि बँकेचा संगणक खर्चाचा प्रकार त्यावरून ठरवतो. पावतीवर काय लिहिलं आहे हे तो पाहत नाही. या ॲपला ६५१३ हा कोड होता, जो मालमत्ता-भाड्याचा आहे. त्यामुळे मेंटेनन्स हे बँकेच्या लेखी भाडं ठरलं. आपल्याला कोड दिसत नाही, पण खूण दिसते. प्रत्येक मेंटेनन्सच्या नोंदीखाली स्टेटमेंटमध्ये १०५ रुपयांचं एक वेगळं शुल्क आणि १८ रुपये ९० पैसे जीएसटी लागलेला होता. भाड्याच्या व्यवहारावर बँक एक टक्का शुल्क घेते, ते हेच. ताईंनी या ओळी पाहिल्या होत्या, पण त्या ॲपचंच काही शुल्क असेल असं समजून सोडून दिल्या होत्या. दहा महिन्यांत असे तीन हप्ते गेले होते, म्हणजे ३१,५०० रुपये बेरजेतून वजा. मला या प्रकरणातली सर्वांत उपयोगी खूण हीच वाटते. व्यवहाराखाली एक टक्क्याची अशी ओळ दिसली की तो खर्च फी माफीच्या हिशेबात धरला जाण्याची शक्यता कमीच असते.

यजमान दर महिन्याला २,००० रुपये वॉलेटमध्ये टाकत, रिक्षा आणि भाजीसाठी. दहा महिन्यांचे २०,००० गेले. दिवाळीत घेतलेला २२,९९० चा फोन परत केला होता. त्याचे पैसे जमा झाले होते, पण ताईंनी फक्त खर्चाच्या बाजूची बेरीज केली होती, त्यामुळे परत आलेली रक्कम वजा झालीच नव्हती. आणि शेवटी मागच्या वर्षीची फी २,९५० व मेंटेनन्सवरची शुल्कं मिळून ३,३२२ रुपये, तेही त्यांनी खर्च म्हणून धरले होते. हे सगळं वजा केल्यावर ४,१२,६४० चे ३,१६,०८८ उरले. १६ जूननंतर अजून स्टेटमेंटमध्ये न आलेला ६,४१२ रुपयांचा खर्च मिळवला आणि ३० जूनला आकडा आला ३,२२,५००. चार लाखांना ७७,५०० कमी, आणि हातात ५१ दिवस.

पुढच्या मोजणीसाठी मी त्यांना एक साधी शीट करून दिली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात तपशील, तिसऱ्यात रक्कम, चौथ्यात तो खर्च धरला जातो का याचं `Y` किंवा `N`. परत आलेले पैसे वजा चिन्हाने लिहायचे. बेरजेचं सूत्र एकच:

```
=SUMIFS(C:C,A:A,">="&DATE(2023,8,21),A:A,"<="&DATE(2024,8,20),D:D,"Y")
```

वर्षाच्या दोन्ही टोकांची तोडणी त्यात आपोआप होते. पण चौथा रकाना माणसानेच भरायचा असतो आणि तिथेच अडचण येते. म्हणून मी त्यांना बँकेला ईमेल करायला लावलं. फोनवर विचारलं तर समोरचा माणूस बहुतेकदा ॲपवर दिसणारी एकूण बेरीजच वाचून दाखवतो. ताईंनी फोन केला तेव्हा "मॅडम, तुमचे चार लाख झालेत" असंच उत्तर आलं होतं. ईमेलमध्ये त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: माझं कार्डवर्ष कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आज अखेर फी माफीसाठी पात्र धरलेला खर्च किती, आणि अट मोजताना व्यवहाराची तारीख धरता की तो खात्यावर नोंदला गेल्याची.

उत्तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. बँकेचा आकडा आमच्या शीटपेक्षा बरोबर ४,३०० रुपयांनी कमी होता. असा फरक नेमका असला की शोधायला सोपा जातो. मेमध्ये एका लग्नात द्यायला त्यांनी तेवढ्याच रकमेचं गिफ्ट व्हाउचर ऑनलाइन घेतलं होतं. आम्ही ते खरेदी धरलं होतं आणि बँकेने वॉलेट भरण्याच्या गटात टाकलं होतं. शीटमध्ये त्या ओळीचं `Y` काढून `N` केलं. म्हणजे जूनअखेरचा खरा आकडा ३,१८,२०० होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही महत्त्वाचं निघालं. बँक व्यवहार खात्यावर नोंदला गेल्याची तारीख धरते.

आता खरा निर्णय. जवळजवळ ८२ हजार या कार्डावर वळवणं २,९५० रुपयांसाठी परवडतं का? हा हिशेब सहसा कोणी करत नाही. अट जवळ आली की लोक जे दिसेल ते घेत सुटतात. गरज नसलेली दहा हजारांची वस्तू घेऊन २,९५० वाचवणं हे नुकसानच आहे, त्याला आकडेमोड लागत नाही. पण जो खर्च होणारच आहे तो एका कार्डावरून दुसऱ्यावर हलवण्यातही किंमत मोजावी लागते. दुसऱ्या कार्डावर मिळणारा कॅशबॅक बुडतो. त्यासाठी वाचणाऱ्या फीला हलवायच्या रकमेने भागायचं. २,९५० भागिले ८१,८०० म्हणजे साधारण ३.६ टक्के. सगळी रक्कम पाच टक्के कॅशबॅक देणाऱ्या कार्डावरून उचलून आणावी लागली असती तर ४,०९० रुपये बुडाले असते, आणि फी भरून टाकणंच शहाणपणाचं ठरलं असतं. दुसऱ्या कार्डावर एक-दीड टक्काच मिळत असेल तर हलवणं फायद्याचं.

आणि एक गोष्ट मी दोघांना निक्षून सांगितली. हे सगळं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं या गृहीतकावर आहे. एवढी रक्कम एक महिना जरी थकली आणि व्याज महिना ३.६ टक्क्यांनी लागलं, तर जवळपास २,९४० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी होतो. फीपेक्षा जास्त पैसे एका महिन्यात जातात.

या घराचं नशीब असं की पुढच्या सात आठवड्यांत येणारे मोठे खर्च कॅशबॅकच्या कार्डावरचे नव्हतेच, ते नेट बँकिंगने भरले जायचे. मुलीच्या शाळेच्या फीचा हप्ता ३४,००० रुपये, जुलैअखेर. टर्म विम्याचा वार्षिक हप्ता २४,८००, मुदत ९ ऑगस्ट. गाडीच्या विम्याचं नूतनीकरण ११,२००, मुदत २५ ऑगस्ट, पण ते आधी केलं तरी नवी पॉलिसी जुनी संपल्यावरच सुरू होते, म्हणून पंधरा दिवस अलीकडे ओढता आलं. या तिन्हींची बेरीज ७०,०००. विमा या कार्डाच्या फी माफीत धरला जातो हे कार्डाच्या अटींत लिहिलं होतं. शाळेच्या बाबतीत अट अशी होती की शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवर भरलेली फी धरतात, त्रयस्थ ॲपमधून भरलेली नाही. शाळेचं पेमेंट पान कार्डासाठी एक टक्का जास्त घेतं, म्हणजे ३४० आणि त्यावर जीएसटी धरून ४०१ रुपये. हा खर्च खरा आहे आणि तो हिशेबात घेतला.

उरली किराणा, पेट्रोल, औषधं यांतून भरायची रक्कम. नेमकं चार लाखांवर थांबायला मी नको म्हटलं. लक्ष्य ४,१०,००० ठेवलं, म्हणजे २१,८०० रुपयांचा घरखर्च कॅशबॅकच्या कार्डावरून या कार्डावर आला. तिकडचा दीड टक्का कॅशबॅक बुडाला, सुमारे ३२७ रुपये. शाळेचे ४०१ मिळवून एकूण किंमत ७२८. वाचणारे २,९५०. निव्वळ फायदा २,२२२ रुपये. या कार्डावर मिळणारे पॉइंट मी मुद्दाम धरले नाहीत, ते वरकड. फायदा फार मोठा नाही, पण एकही जादा वस्तू न घेता मिळणारा आहे.

नोंद झाल्याची तारीख धरतात म्हटल्यावर शेवटची मुदत २० ऑगस्ट राहत नाही. कार्ड घासल्यावर व्यवहार आधी प्रलंबित दिसतो आणि दुकानदाराच्या बँकेकडून तो आला की एक ते तीन दिवसांत पक्का नोंदला जातो. मध्ये सुट्ट्या आल्या की आणखी लांबतो. त्या वर्षी १५ ऑगस्ट गुरुवारी होता, १७ आणि १८ शनिवार-रविवार, १९ ला राखीपौर्णिमा. म्हणून शेवटची खरेदी १४ ऑगस्टला संपवायची असं ठरवलं. त्या दिवशी शीटवर आकडा होता ४,१०,६००.

१६ तारखेला ६,२०० रुपये परत आले. महाबळेश्वरच्या हॉटेलचं मेमध्ये केलेलं बुकिंग त्यांनी पावसामुळे जुलैअखेर रद्द केलं होतं आणि त्याचे पैसे इतक्या उशिरा जमा झाले. आकडा ४,०४,४०० वर आला. दहा हजारांची मोकळीक ठेवली नसती तर शेवटच्या चार दिवसांत, सुट्ट्यांच्या मध्ये, सहा हजारांसाठी धावपळ झाली असती आणि तो खर्च वेळेत नोंदला जाईल याची शाश्वती नव्हती. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात परत येऊ शकणारं काही आहे का, रद्द केलेली तिकिटं, परत पाठवलेले कपडे, हे आधी तपासावं आणि मोकळीक त्या बेताने ठेवावी.

२३ ऑगस्टला फी लागली, २,५०० आणि खाली ४५० जीएसटी. ताईंचा फोन आला. मला याची थोडी अपेक्षा होती. काही बँका अट पूर्ण झाली असेल तर फी लावतच नाहीत, काही आधी लावतात आणि नंतर उलटी नोंद करतात. त्यांनी बँकेच्या जुलैच्या ईमेलला उत्तर म्हणून शीटचा आकडा आणि तारखा पाठवल्या. नऊ दिवसांनी दोन्ही रकमा परत आल्या. दोन्ही म्हणतो, कारण मूळ फी परत आली की लोक समाधानी होतात आणि जीएसटीची ओळ तपासायची राहते. ती वेगळी नोंद असते.

परतावा देय तारखेपर्यंत आला नसता तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. बिल फीसकट पूर्ण भरायचं आणि वाद चालू ठेवायचा. वादातली रक्कम म्हणून २,९५० कमी भरले तर बिल अपुरं भरल्याचं ठरू शकतं, आणि मग व्याज सुरू होतं. परत आलेली फी पुढच्या बिलात वळती होतेच. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार ग्राहकाने बिलावर हरकत घेतली तर तक्रारीपासून ३० दिवसांच्या आत बँकेने स्पष्टीकरण द्यावं लागतं. तेवढ्यात समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. तिथे बँकेच्या स्वतःच्या ईमेलमधला पात्र खर्चाचा आकडा सर्वांत जास्त कामी येतो.

२१ ऑगस्टपासून नव्या वर्षाची शीट सुरू झाली. सोसायटीचा मेंटेनन्स आता एनईएफटीने जातो, दर तिमाहीचे १२४ रुपये वाचले. वॉलेटमध्ये कार्डावरून पैसे टाकणं बंद केलं. फी माफीच्या अटी वर्षाच्या मध्ये बदलू शकतात. शुल्क वाढवायचं तर किमान एक महिना आधी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, पण ते पत्र ईमेलच्या गर्दीत येतं, म्हणून ताईंनी बँकेच्या ईमेलसाठी वेगळं फोल्डर केलं आहे.

मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाणार आहे आणि तिथे कार्ड घेत नाहीत. त्यामुळे चार लाख होतीलच असं नाही. त्यासाठी १ जून ही तपासणीची तारीख धरली आहे. त्या दिवशी आकडा तीन लाखांच्या खाली असेल आणि उरलेला खर्च ओढूनताणून आणावा लागणार असेल, तर साठलेले पॉइंट वापरून, बाकी शून्य करून, ऑगस्ट उजाडण्याआधी कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यायचा. देणं बाकी नसेल तर अर्ज आल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्ज मात्र फी लागण्याच्या आधी पोचला पाहिजे, आणि ॲड-ऑन कार्डही त्याबरोबर बंद होईल हे यजमानांना आधी सांगून ठेवलं आहे, कारण पेट्रोल पंपाचं आणि टोलचं ऑटो-रिचार्ज त्याच कार्डावर जोडलेलं आहे.